कोणी काय केलं, ते कोणत्या रकान्यात?

(प्रभागसंघाच्या सभेत झालेलं भाषण, वाचणाऱ्या ताईंसाठी लिहून काढलेलं)



आपल्या गटांमध्ये लिहिण्याची सवय चांगली आहे. इतिवृत्त वही आहे, हजेरी आहे, हप्त्यांची नोंद आहे. आता बऱ्याच गटांकडे आणखी एक वही जमायला लागली आहे. खाडीतल्या तिसऱ्यांची मोजणी, कांदळवनाच्या झाडांची नोंद, जुन्या भाताच्या बियाण्यांची यादी, अशी कामं आपण करतो. पुढे त्याचं पुस्तक होतं, अहवाल होतो, किंवा कॉलेजातल्या मॅडम त्यावर एखाद्या नियतकालिकात लेख लिहितात. तेव्हा शेवटच्या पानावर एक छोटा मजकूर मागितला जातो: या कामात कोणी काय केलं ते पाच-दहा ओळींत लिहा.

गडबड नेमकी तिथेच होते. वही असते दीडशे पानांची आणि ओळी द्यायच्या असतात दहा. मग घाईत कोणीतरी लिहून टाकतं, ‘गटाच्या सर्व महिलांचे सहकार्य लाभले.’ पहाटे चिखलात उतरून मोजणारी आणि एकदा येऊन फोटो काढून गेलेली, दोघी त्या एका ‘सहकार्या’त बुडतात. पुढच्या वर्षी तशीच मोजणी पगार देऊन करायची वेळ आली, तर मोजणी येणारी बाई कोण हे कागदावर कुठेच सापडत नाही. म्हणून आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. लांब वहीतून तो छोटा मजकूर कसा काढायचा, एवढंच.

रकाने कुठून आले

पूर्वी शास्त्राच्या लेखावर फक्त नावं असायची. पहिलं नाव कोणाचं, शेवटचं कोणाचं, यावरून वाचणारा अंदाज बांधायचा. पण नावांच्या ओळीवरून कोणी काय केलं ते कळत नाही. यावर विचार करायला 2012 साली अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ आणि इंग्लंडमधला वेलकम ट्रस्ट यांनी एक बैठक घेतली. त्यातून पुढे 14 कामांची एक यादी तयार झाली. तिला ‘क्रेडिट’ म्हणतात. 2022 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने ती अधिकृत मानक म्हणून मान्य केली. आज जगभरातली कितीतरी नियतकालिकं लेख घेतानाच विचारतात की या 14 पैकी कोणतं काम कोणी केलं.

14 म्हटल्यावर घाबरू नका. चार टोपल्या केल्या की ती लक्षात राहतात.

पहिली टोपली विचाराची. त्यात दोन कामं आहेत. मूळ प्रश्न कोणी काढला, ती ‘संकल्पना’. काम कशा रीतीने करायचं हे कोणी ठरवलं, ती ‘पद्धत’.

दुसरी टोपली कामाची. तिच्यात सहा आहेत. प्रत्यक्ष माहिती गोळा करणं म्हणजे ‘शोधकाम’. होडी, वजनकाटा, नमुने असं साहित्य पुरवणं म्हणजे ‘साधनं’. जमलेली माहिती नीट लावून, खाणाखुणा लिहून, जपून ठेवणं म्हणजे ‘नोंदींची निगा’. आकड्यांचं गणित मांडणं म्हणजे ‘विश्लेषण’. आकडे बरोबर आहेत का ते पुन्हा तपासणं म्हणजे ‘पडताळणी’. आणि सहावं ‘सॉफ्टवेअर’, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिणं.

तिसरी टोपली मांडणीची. तिच्यात तीन. नकाशे-आलेख काढणं म्हणजे ‘चित्रण’, मग ‘पहिला मसुदा लिहिणं’ आणि ‘मसुदा वाचून दुरुस्त करणं’.

चौथी टोपली व्यवस्थेची. तिच्यातही तीन. ‘देखरेख’, ‘कामाचं व्यवस्थापन’ आणि ‘पैसा उभा करणं’.

झाले चौदा. सगळे भरलेच पाहिजेत असं नाही. जे काम झालंच नाही त्याचा रकाना मजकुरात येत नाही. एका बाईचं नाव दोन-तीन रकान्यांत येऊ शकतं आणि एका रकान्यात दोन-तीन नावं येऊ शकतात. जास्त महत्त्वाचं म्हणजे ही यादी कामाची आहे, हुद्द्याची नाही. ‘अध्यक्ष’ नावाचा रकाना त्यात नाही, ‘साहेब’ नावाचाही नाही.

एक उदाहरण घेऊ

समजा, कर्ली खाडीच्या काठचा एक गट आहे. मी नावं घेणार नाही, नात्याने बोलूया. गटाच्या सभेत सगळ्यांत जुन्या आजींनी विचारलं, ‘गे, ह्यो तिसऱ्यो बारीक कित्याक झाल्यो?’ सचिव ताईंनी तो प्रश्न वहीत उतरवला आणि पुढच्या सभेत ठराव मांडला की आपण मोजून बघू. मग आठ उधाणांना मोजणी झाली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी सर्वांत खाली जाते आणि सर्वांत जास्त चिखल उघडा पडतो, म्हणून ते दिवस धरले. अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद अशी पाइपची चौकट चिखलावर ठेवायची, आतल्या तिसऱ्या काढायच्या, मोजायच्या, मापायच्या आणि परत सोडायच्या.

मोजायला नेहमी उतरल्या त्या दोन जावा, थोरली आणि धाकटी. कॉलेजच्या मॅडम मदतीला होत्या. शेजारच्या गावातल्या समुदाय संसाधन व्यक्ती ताई अधूनमधून येत. एका होडीवाल्या दादांनी भाडं न घेता होडी दिली. सचिव ताईंच्या बारावीतल्या लेकीने खाडीचा नकाशा काढला. अध्यक्ष ताईंनी परवानग्या आणि तारखा सांभाळल्या. सगळी मिळून नऊ माणसं.

आता हाताशी आहे ती इतिवृत्त वही. तीत मोजणीही आहे, बचतही आहे, कर्जफेडही आहे आणि हळदीकुंकूही आहे. सुरुवात कुठून करायची?

पायरी पहिली: वही फोडायची

कोरा कागद घ्या. एका ओळीत एकच माणूस आणि एकच काम. तारीख, नाव, क्रियापद. ‘सर्वांनी मिळून मोजणी केली’ असं वहीत असेल तर त्या दिवसाची हजेरी उघडा आणि प्रत्येक नावाची वेगळी ओळ करा. ‘मदत केली’, ‘सहभाग घेतला’ ही क्रियापदं चालणार नाहीत. काय मदत? चौकट धरली, की आकडा लिहिला, की डबा आणला? ज्या बाईने केलं तिलाच विचारा, त्याच आठवड्यात विचारा. सहा महिन्यांनी विचारलं तर जी बोलकी आहे तिचं काम आठवतं आणि जी गप्प आहे तिचं विसरतं.

आपल्या उदाहरणात समजा अशा 71 ओळी निघाल्या. त्यातल्या 15 हप्ते, कर्ज, सण यांच्या. त्यांचा मोजणीशी संबंध नाही, त्या बाजूला. 6 ओळी चहा, जेवण, ओटा झाडणं अशा. ही कामं खरी आहेत, पण 14 रकान्यांत त्यांना जागा नाही. त्यांना जबरदस्तीने ‘व्यवस्थापना’त कोंबू नका. तसं केलं की तो रकाना फुगतो आणि वाचणाऱ्याचा सगळ्याच रकान्यांवरचा विश्वास उडतो. शेवटी ‘आभार’ म्हणून वेगळा भाग असतो, तिथे ही सहा कामं नावासकट लिहायची. उरल्या 50 ओळी. आपलं काम या पन्नासांवर.

पायरी दुसरी: प्रत्येक ओळीसमोर रकाना लिहायचा

बऱ्याच ओळी सरळ असतात. थोरली जाऊ आठ दिवस उतरली, धाकटी आठ, सचिव ताई तीन, अध्यक्ष ताई एक. या वीस ओळी शोधकामाच्या. सचिव ताईंनी पाच वेळा आकडे ओल्या वहीतून सुक्या वहीत उतरवले, प्रत्येक चौकटीला नंबर दिला, तारीख आणि ओहोटीची वेळ लिहिली. ती नोंदींची निगा. याला ‘लिहिण्याचं काम’ समजून मसुद्याच्या रकान्यात टाकू नका. तिथे आकडे जपले गेले, मसुदा लिहिला गेला नव्हता.

काही ओळींवर थांबावं लागतं. तशा तीन जागा मी सांगते, कारण बहुतेक गट तिथेच अडकतात.

पहिली जागा, आजी. आजी चिखलात उतरल्या नाहीत. त्यांना लिहिता येत नाही. त्या स्वतःच म्हणतात, ‘माका लिवक-वाचूक येना नाय, माझा नाव कित्याक?’ पण वहीतली ओळ काय म्हणते? प्रश्न त्यांनी काढला. ती संकल्पना. नंतर आणखी दोनदा त्यांनी सांगितलं की मोजणी काठापासून नको, पाण्याच्या धारेपासून वर सरकत करा, आणि पावसाचं गोडं पाणी खाडीत उतरतं तेव्हाचे आकडे वेगळे ठेवा, कारण तेव्हा शिंपले मरतात. या सांगण्यामुळे काम करायची रीतच बदलली. म्हणून त्या दोन ओळी पद्धतीच्या. मॅडमनी चौकटीचं माप आणि किती ठिकाणी ठेवायची ते ठरवलं, त्यांच्याही दोन ओळी पद्धतीच्या.

इथे एक सीमा आहे, ती नीट धरा. आजींनी फक्त प्रश्नांची उत्तरं दिली असती, ‘पूर्वी टोपलीभर मिळायच्या’ एवढंच सांगितलं असतं, तर त्या माहिती देणाऱ्या झाल्या असत्या. माहिती देणारीची परवानगी घ्यायची, तिचं नाव तिच्या मर्जीने माहितीचा आधार म्हणून द्यायचं, पण तो चौदातला रकाना नव्हे. तिच्या सांगण्याने प्रश्न किंवा रीत ठरली, की ती कामाची भागीदार. फरक ओळखायला एकच प्रश्न विचारा: तिने सांगितलं नसतं तर आपण काम वेगळ्या रीतीने केलं असतं का? हो असेल तर रकाना द्या.

दुसरी जागा, पडताळणी. समुदाय संसाधन व्यक्ती ताई तीनदा आल्या आणि त्याच दिवशी त्याच चौकटी पुन्हा मोजल्या. पहिल्या नजरेला हे शोधकामच वाटतं. पण हेतू वेगळा होता. पहिली मोजणी आकडा मिळवायला आणि दुसरी तो आकडा तपासायला. म्हणून त्या तीन ओळी पडताळणीच्या. थोरल्या जावेने स्वतःचीच चौकट पुन्हा मोजली तर ती काळजीने केलेली मोजणी झाली. दुसऱ्या हाताने तपासणं तिच्याहून जास्त भरवशाचं असतं, कारण आपली चूक आपल्याच नजरेला सहसा दिसत नाही. आकड्यांवर कोणी बोट ठेवलं तर पहिलं बघतात ते याच रकान्याकडे.

तिसरी जागा, भाषा. सचिव ताईंनी मराठीत दोन प्रकरणं लिहिली. मॅडमनी इंग्रजीत दोन प्रकरणं केली, त्यांतला मोठा भाग या मराठीवरून उतरवलेला. यादीत भाषांतराचा वेगळा रकाना नाही. पण मानकाच्या व्याख्येत स्पष्ट आहे की मोठं भाषांतर हे पहिल्या मसुद्याच्या रकान्यात धरायचं. म्हणजे चारही ओळी तिथेच. आणि सचिव ताईंचं मराठी हा कच्चा माल नव्हे, तोही पहिला मसुदाच. इंग्रजी छापलं गेलं म्हणून मराठी लिहिणारी खाली सरकत नाही.

उरलेल्या ओळी अशा. होडीवाल्या दादांच्या तीन ओळी साधनांच्या. होडीला नेहमीचं भाडं दिलं असतं तर तो खर्च धरला असता. मॅडमच्या दोन ओळी विश्लेषणाच्या. लेकीच्या दोन चित्रणाच्या. मसुदा वाचून सुधारण्याच्या तीन: एक अध्यक्ष ताईंची, एक मॅडमची, आणि एक आजींची. हो, आजींची. मसुदा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा त्यांनी दोन वेगळ्या जातींचे शिंपले एकाच नावाखाली गेलेत ते पकडलं. तोंडी दुरुस्ती ही दुरुस्तीच आहे. अध्यक्ष ताईंच्या परवानग्या आणि तारखांच्या दोन ओळी व्यवस्थापनाच्या.

आता बेरीज करा. संकल्पना 2, पद्धत 4, शोधकाम 20, साधनं 3, नोंदींची निगा 5, विश्लेषण 2, पडताळणी 3, चित्रण 2, पहिला मसुदा 4, दुरुस्ती 3, व्यवस्थापन 2. झाले 50. बेरीज जुळली म्हणजे एकही ओळ हरवली नाही आणि एकही हवेतून आली नाही. अकरा रकाने भरले. सॉफ्टवेअर, देखरेख आणि पैसा उभा करणं हे तीन रिकामे.

रिकाम्या रकान्यांचा मोह

रिकामा रकाना दिसला की कोणाला तरी तिथे बसवावंसं वाटतं. ‘देखरेख’ हा त्यातला सर्वांत मोहाचा. ‘साहेब एकदा भेट देऊन गेले, त्यांचं नाव टाकूया, पुढे उपयोगी पडेल.’ मानकात देखरेखीचा अर्थ म्हणजे काम आखायची आणि पार पाडायची जबाबदारी घेणं, मार्गदर्शन करत राहणं. एका भेटीत ते होत नाही. भेट दिली म्हणून आभारात नाव द्यायला काहीच हरकत नाही. तसंच ‘पैसा उभा करणं’. या गटाने बाहेरून पैसा आणलाच नाही, चौकटीचा पाइप गटाच्याच पैशातून घेतला. म्हणून तो रकाना रिकामाच बरोबर.

तपासायचा नियम सोपा आहे. मजकुरातल्या कुठल्याही नावावर बोट ठेवा आणि विचारा, वहीतली ओळ दाखव. ओळ नसेल तर नाव निघतं. उलटही बघा. वहीत ज्या बाईच्या खूप ओळी आहेत ती मजकुरात कुठे आहे? जावांच्या मिळून सोळा ओळी आहेत, म्हणजे पन्नासातल्या जवळपास तिसरा हिस्सा. त्यांची नावं दिसत नसतील तर मजकूर चुकला आहे, मग तो कितीही सुबक लिहिलेला असो.

पायरी तिसरी: मुख्य, समान की सहाय्यक

एका रकान्यात अनेक नावं आली की त्यांचा वाटा सांगता येतो. मानकात त्यासाठी तीन शब्द आहेत: मुख्य, समान आणि सहाय्यक. ते लिहिलेच पाहिजेत असं बंधन नाही, पण आपल्या कामात लिहिणं बरं. नाहीतर आठ दिवस उतरलेली आणि तीन दिवस उतरलेली सारख्याच दिसतील.

किती दिवसांना काय म्हणायचं, हे मानक सांगत नाही. ते गटाने ठरवायचं, आणि मोजणी सुरू व्हायच्या आधी ठरवायचं. शेवटी ठरवलं तर प्रत्येकीला स्वतःचा आकडा माहीत असतो आणि नियम त्या आकड्याकडे बघून बनतो. समजा, या गटाने पहिल्याच सभेत ठराव केला होता: मोजणीला किमान दोन दिवस आलेलीच शोधकामात, एक दिवस आलेली आभारात. मग अध्यक्ष ताईंची ती एक ओळ शोधकामातून निघून आभारात जाते. अवघड वाटेल. पण त्यांची व्यवस्थापनातली आणि दुरुस्तीतली जागा पक्की आहे, कारण ते काम त्यांनी खरंच केलं. ठराव आधीचा आहे म्हणून कोणी कोणाला कमी लेखलं असं होत नाही. अध्यक्ष ताईंनाच नियम लागला, हे पाहून बाकीच्यांचा नियमावर भरवसा बसतो.

पायरी चौथी: मजकूर

आता ओळी पन्नास असल्या तरी मजकूर एवढाच होतो. प्रत्यक्षात नात्यांच्या जागी पूर्ण नावं येतील.

संकल्पना: आजी, मुख्य, सचिव ताई, सहाय्यक.
पद्धत: आजी आणि कॉलेजच्या मॅडम, समान.
शोधकाम: थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ, समान; सचिव ताई, सहाय्यक.
साधनं: होडीवाले दादा.
नोंदींची निगा: सचिव ताई.
विश्लेषण: मॅडम.
पडताळणी: समुदाय संसाधन व्यक्ती ताई.
चित्रण: सचिव ताईंची लेक.
पहिला मसुदा: सचिव ताई आणि मॅडम, समान.
वाचून दुरुस्ती: आजी, अध्यक्ष ताई, मॅडम.
व्यवस्थापन: अध्यक्ष ताई.

अकरा ओळी. आकडे कोणी काढले, कोणी तपासले, लिहिलं कोणी, हे अनोळखी माणसालाही एका मिनिटात कळतं. काही नियतकालिकं उलट्या रीतीने मागतात, आधी नाव आणि पुढे त्या व्यक्तीची कामं. तेव्हा हीच यादी नावांप्रमाणे फिरवून लिहायची. फॉर्मवर रकान्यांची नावं इंग्रजीत असतील. मराठी नावं तुमच्या सोयीची आहेत, फॉर्मवर त्यांचेच शब्द निवडायचे, नवे बनवायचे नाहीत.

पायरी पाचवी: वाचून दाखवणं आणि हो म्हणवून घेणं

मजकूर पाठवायची जबाबदारी एका व्यक्तीवर असते. पण ज्यांची नावं आहेत त्या सर्वांना तो बघायची आणि हो-नाही म्हणायची संधी मिळाली पाहिजे, असं मानकच सांगतं. आपल्याकडे यासाठी सभा आहे. मजकूर सभेत मोठ्याने वाचा, एकेक रकाना थांबून. मॅडमचं आणि होडीवाल्या दादांचंही ऐका. सह्या किंवा अंगठे घ्या, ठराव लिहा.

एखादी म्हणेल, माझं नाव नको. घरच्यांना आवडणार नाही, किंवा तिसऱ्यांच्या जागा उघड झाल्या तर बाहेरचे येतील अशी भीती. तिचं ऐका. नाव काढा, पण तिच्या जागी दुसरीचं नाव भरू नका. ‘गटातील एक सदस्य’ असं लिहिता येतं. काही गटांना वाटतं की फक्त गटाचंच नाव असावं. पुस्तकावर गटाचं नाव जरूर घाला, आणि आत ही अकरा ओळींची यादीही ठेवा. गट सगळ्यांचा असतो, पण आकड्यांबद्दल प्रश्न आला तर उत्तर एखादीच बाई देऊ शकते.

लेखक आणि योगदान यांत गल्लत नको

रकान्यात नाव आलं म्हणजे लेखक झालं, असं नाही. लेखक कोण हे ही यादी ठरवत नाही, ते त्या त्या नियतकालिकाचा नियम ठरवतो. वैद्यकीय नियतकालिकांमध्ये चार अटी चालतात. कामात महत्त्वाचा वाटा हवा, मसुदा लिहिण्यात किंवा सुधारण्यात हात हवा, शेवटच्या मजकुराला मान्यता दिलेली हवी, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी हवी. यातली दुसरी आणि तिसरी अट पूर्ण करण्याची संधी न देता एखादीला बाहेर ठेवणं बरोबर नाही, असं त्या नियमांमध्येही म्हटलंय. म्हणजे पहिली अट पूर्ण करणाऱ्या आजींना मसुदा वाचूनच दाखवला नाही आणि मग म्हणालं ‘त्यांनी मसुद्यावर काही केलं नाही, म्हणून त्या लेखक नाहीत’, तर ते चालत नाही. जावांनाही मसुदा वाचून दाखवायला हवा, तो याचसाठी. आणि जी लेखक होत नाही तिचंही नाव रकान्यात राहू शकतं, कारण ही यादी फक्त लेखकांपुरती नाही.

हे आपल्या इथे कुठे लागतं

2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही करते. त्या नोंदवहीत गावातल्या जाणकारांची नावं येतात, पण ती यादी कोण काय जाणतं हे सांगते. नोंदवही तयार करताना कोणी मोजलं, कोणी तपासलं, कोणी लिहिलं, हे वेगळं लिहावं लागतं. तुमचा गट त्या कामात असेल तर ही अकरा ओळींची रीत तिथे जशीच्या तशी वापरता येते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत कांदळवन सफर बचतगटाच्या बायका चालवतात. अशा ठिकाणी झाडा-पक्ष्यांची माहितीपत्रकं निघतात, तिथेही हाच प्रश्न येतो: ही माहिती कोणाची, आणि तपासली कोणी?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मजकूर छापला तरी फोडलेली ती 71 ओळींची यादी फाडू नका. ती इतिवृत्त वहीलाच टाचून ठेवा. मजकूर हा सारांश आहे, सारांशावर शंका आली की माणसं मूळ मागतात. आणि पुढच्या मोजणीच्या वेळी वहीत उजवीकडे दोन बोटं रुंद एक नवा रकाना आखून घ्या. त्यात त्या दिवशीच, सभा उठायच्या आधी, नाव आणि क्रियापद लिहा. मग वर्षाअखेर वही फोडत बसावं लागणार नाही. ती आधीच फोडलेली असेल.